धाकट्याला टक्केवारी शिकवताना चॉकलेटचा बार वापरला, आणि तिथेच घोळ झाला

मोगरी | रविवार, रात्री ९:१२

माझा भाऊ सहावीत आहे आणि मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी आले की त्याचं गणित माझ्या गळ्यात पडतं. या वेळी 'शतमान' हा धडा होता. पुस्तकातली उदाहरणं त्याने पाठ केल्यासारखी सोडवली होती, पण "पंचवीस टक्के म्हणजे काय रे?" असं विचारलं तर म्हणाला, "पंचवीस छेद शंभर." आणि पंचवीस छेद शंभर म्हणजे काय? तर "पंचवीस टक्के."

मग मी चॉकलेटचा बार आणला. मुद्दाम वीस तुकड्यांचा निवडला, दोन-दोनच्या दहा ओळी. अख्खा बार म्हणजे शंभर टक्के, तर एक ओळ दहा टक्के, एक तुकडा पाच टक्के. धाकटा एकदम खुलला. चाळीस टक्के? आठ तुकडे. पंचवीस टक्के? पाच. पंधरा? तीन. सगळं धडाधड बरोबर. आम्ही दोघांनी मिळून शंभर टक्के संपवला आणि मी आईला सांगितलं की झालं, आलं त्याला.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. तिने आणलेला बार जरा वेगळा होता, तीन-तीनच्या आठ ओळी, म्हणजे चोवीस तुकडे. मी सहज म्हटलं, "यातले पंचवीस टक्के तुझे, काढून घे." त्याने पाच तुकडे मोडले.

"पाच कसे?"

"ताई, कालच तूच सांगितलंस ना, पाच तुकडे म्हणजे पंचवीस टक्के."

मी म्हटलं, "अरे, पण हा बार वेगळा आहे." त्यावर तो म्हणाला, "बार वेगळा आहे, टक्के तेच आहेत ना?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. वाक्य तसं बरोबर आहे, आणि तरी तो चुकलाय. शिवाय एक तुकडा त्याचा बुडाला तो वेगळाच.

इथे कुणी मुलांना शिकवलं असेल तर सांगा. मी नक्की कुठे चुकले?

---

झटपट | रविवार, रात्री ९:४०

चुकीबिकीचं सोडा हो, त्याला एक युक्ती शिकवा. २४ चे २५ टक्के जड जातात? उलटं करा. २५ चे २४ टक्के काढा. उत्तर तेच येतं, ६. कुठल्याही दोन संख्यांना चालतं. दुसरी युक्ती म्हणजे आधी दहा टक्के काढायचे, म्हणजे एक शून्य उडवायचं किंवा टिंब एक घर डावीकडे सरकवायचं. २४ चे २.४. मग त्याला हवं तसं गुणा. माझ्या भाच्याला दोन दिवसांत आलं.

---

मोगरी | रविवार, रात्री ९:५५

युक्ती चांगली आहे, मलाही माहीत नव्हती. पण त्याला गुणाकार येतो हो. पुस्तकातली गणितं त्याची बरोबरच होती. त्याचा घोळ असा आहे की 'पाच टक्के' हे त्या तुकड्याचं नाव आहे असं त्याला वाटतंय.

---

कडूगोड | रविवार, रात्री १०:०३

मधुमेहामुळे मी सध्या फक्त डार्क खातो. ७०% की ८५% यावर कुणाचा अनुभव आहे का? ८५ फारच कडू लागतं.

---

फळा_खडू | रविवार, रात्री १०:३१

मोगरी, तू मुलगी हुशार दिसतेस, कारण दुखणं कुठे आहे ते तू स्वतःच आत्ता लिहिलंस. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझ्या भावाने जे केलं ते माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुलं करायचीच.

वीस तुकड्यांचा बार फार गुळगुळीत निघाला. प्रत्येक तुकडा नेमका पाच टक्क्यांवर बसला. त्यामुळे मुलाला शंभराचा विचार करायची गरजच पडली नाही. त्याने तुकडे मोजले, पाचाचा पाढा म्हटला आणि उत्तर आलं. टक्का म्हणजे अख्ख्याशी लावलेलं नातं, ते त्याला कुठे दिसलंच नाही. तुला वाटलं त्याला शतमान आलं, आणि त्याला आलं होतं ते पाचाचं कोष्टक.

चोवीसचा बार त्याहून चांगला, कारण तो शंभराशी जुळत नाही. एक तुकडा म्हणजे चार टक्के आणि वर थोडं. तिथे तुकड्याला टक्क्याचं नाव देताच येत नाही.

आता एक करून पाहा. आईच्या शिवणाच्या डब्यात पांढरं पट्टीचं इलॅस्टिक असेल, बोटभर रुंद. त्याचा दहा सेंटीमीटरहून थोडा जास्त तुकडा घे. टेबलावर सैल ठेवून, अजिबात न ताणता, एका टोकाशी ० लिही आणि दर सेंटीमीटरला रेघ मारून १०, २०, ३० असं करत १०० पर्यंत जा. दोन्ही टोकांना धरायला थोडी जागा सोड. मग ते बारच्या लांबीला लावून ताण, शून्य एका कडेला आणि शंभर दुसऱ्या कडेला. आणि त्याला विचार, पंचवीस कुठे आलं?

---

जुनापुराणा | रविवार, रात्री १०:५०

गुरुजींचं इलॅस्टिक आवडलं. आमच्या लहानपणी हे सगळं आण्यांत चालायचं. आजोबा म्हणायचे, 'विहिरीचं काम बारा आणे झालं.' कुणी विचारायचं नाही की विहीर किती फूट. सोळा आणे म्हणजे अख्खं काम, मग ते विहिरीचं असो की लग्नाचं. मोगरीच्या बारचे चार आणे म्हणजे सहा तुकडे, हे आमच्या आजोबांनी न लिहिता सांगितलं असतं, कारण चोवीस सोळाशी छान जुळतात.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि बाजारात आणा मागे पडला. पण गावाकडे पिकाची आणेवारी म्हणायची सवय कितीतरी वर्षं गेली नाही. सरकारी कागदावर ती पैसेवारी झाली. आज पेपरात 'गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत' असं वाचलं की शेतकऱ्याला लगेच कळतं, पीक निम्म्याहून कमी आलंय. रुपयाचा पैसा आणि शेकड्याचा टक्का, एकच गोष्ट.

---

फळा_खडू | रविवार, रात्री ११:०८

जुनापुराणा, पैसेवारीचं उदाहरण मी वर्गात द्यायचो. त्यातही हीच खोच आहे. पन्नास पैसे म्हणजे पन्नास पोती नव्हे. त्या भागात त्या पिकाचं जे प्रमाण उत्पन्न धरलेलं असतं, त्याच्या निम्मं. बाजरीचे पन्नास पैसे आणि उसाचे पन्नास पैसे वजनात एकमेकांच्या आसपासही येणार नाहीत.

---

दोन_पोरांची_आई | सोमवार, सकाळी ७:२५

चॉकलेट कशाला? मोबाईलची बॅटरी आहे की. माझा धाकटा दुसरीत आहे आणि त्याला 'वीस टक्के' चांगलंच कळतं, लगेच चार्जर शोधतो. दात पण किडत नाहीत.

---

मोगरी | सोमवार, सकाळी ८:१०

बॅटरी मी आधी वापरून पाहिली होती. तिथे त्याला फक्त आकडा दिसतो. वीस टक्के म्हणजे कशाचे, ते फोनच्या आत दडलेलं असतं. ते मोडून हातात घेता येत नाही. त्याच्या लेखी २०% म्हणजे 'लाल झालं'.

आज संध्याकाळी इलॅस्टिक करून बघते. मावशीचा बार अजून आहे. पाच तुकड्यांचा वाद मिटेपर्यंत ते पाचही परत जागेवर लावून ठेवलेत आणि आईने बार डब्यात बंद केलाय.

---

मोगरी | सोमवार, रात्री ९:३०

केलं. पण पहिल्यांदा फसलं, तेही सांगते.

खुणा मी धाकट्यालाच मारायला दिल्या. त्याने इलॅस्टिक एका हाताने ताणून धरलं आणि दुसऱ्या हाताने बॉलपेनने रेघा मारल्या. सोडल्यावर काही रेघा चिकटून बसल्या, काही लांब. तो तुकडा गेला. दुसरा तुकडा पट्टीशेजारी सैल ठेवून केला.

मग तो बारवर ताणला. बार साधारण सोळा सेंटीमीटर लांब आहे. पन्नासची खूण मधल्या खाचेवर यायला हवी होती, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये. ती आली पाव इंच डावीकडे. धाकटा म्हणाला, "ताई, अर्धं पण चुकतंय, हे बोगस आहे." मग लक्षात आलं की मी डाव्या बाजूला अंगठा खुणांवरच दाबून ठेवला होता. तिथलं इलॅस्टिक ताणलंच जात नव्हतं, सगळा ताण उजवीकडे जात होता. दोन्ही टोकांना सोडलेल्या जागेत कपड्यांचे चिमटे लावले आणि चिमट्यांना धरून ओढलं, तेव्हा पन्नास बरोबर खाचेवर बसलं.

नंतर त्याला म्हटलं, पंचवीस शोध. वीस आणि तीसच्या मधोमध त्याने बोट ठेवलं. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधल्या खाचेवर आलं. दोन ओळी, सहा तुकडे. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आधीच्या बारचं पाकीट कुठेय?"

कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढलं. त्याने ते पसरून टेबलावर ठेवलं आणि त्यावर पेन्सिलने दहा ओळी आखल्या. तो बार लांब होता, अठरा सेंटीमीटर. इलॅस्टिक तिथपर्यंत ताणताना कुरकुरलं, पण पोचलं. पंचवीस आलं तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, म्हणजे अडीच ओळी, पाच तुकडे.

मग तेच इलॅस्टिक परत छोट्या बारवर. परत मोठ्या पाकिटावर. असं त्याने चार-पाच वेळा केलं. मी मध्ये बोलले नाही, फार मोह झाला तरी. शेवटी तो म्हणाला, "हे पंचवीस सरकतंय. ओढलं की लांब जातं. पण नेहमी चौथ्या हिश्श्यालाच असतं."

एक तुकडा माझ्याकडे उधार होता, तो बार खाताना वसूल करणार म्हणाला.

---

फळा_खडू | सोमवार, रात्री ९:५२

वा! अंगठ्याची चूक सगळ्यांचीच होते, मला आधीच सांगायला हवं होतं. पन्नास मध्यावर बसलंय का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आणि इलॅस्टिक जुनं, सैल पडलेलं नको, ते मध्ये-मध्ये जास्त ताणतं आणि खुणा खोटं बोलतात.

---

झटपट | सोमवार, रात्री १०:१५

छान. आता एक व्यवहारातलं उदाहरण द्या त्याला. चॉकलेटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे चॉकलेट १३ टक्के स्वस्त. साधी वजाबाकी आहे, त्याला जमेल.

---

किराणा_कोपरा | सोमवार, रात्री १०:४०

झटपटराव, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनीच तेव्हा आमचं डोकं खाल्लं हो. माझं छोटं दुकान आहे. त्या आठवड्यात रोज कुणीतरी यायचं, 'तेरा टक्के कमी करा.' मी करू कसं?

सोपा हिशोब घ्या. कराशिवाय मालाची किंमत १०० रुपये. अठरा टक्के कर धरून पाकिटावर ११८. कर पाच झाला की पाकिटावर १०५. गिऱ्हाइकाचे वाचले १३ रुपये. पण गिऱ्हाईक आधी किती देत होतं? १००? नाही, ११८. म्हणजे ११८ वर १३ रुपये वाचले, ते होतात साधारण ११ टक्के. आणि ११८ चे तेरा टक्के काढले तर होतात पंधरा रुपये चौतीस पैसे. वरचे दोन रुपये चौतीस पैसे मी खिशातून घालायचे का?

---

झटपट | सोमवार, रात्री १०:४८

पण अठरातून पाच गेले तेराच ना?

---

किराणा_कोपरा | सोमवार, रात्री १०:५५

तेराच. पण ते तेरा शंभराच्या मापाने आहेत, आणि तुम्ही ते एकशे अठराला लावताय.

---

फळा_खडू | सोमवार, रात्री ११:१०

अगदी हेच. करवाल्याने इलॅस्टिकचं शंभर मालाच्या किमतीवर ठेवलंय, गिऱ्हाइकाने ते पाकिटावरच्या किमतीवर ठेवलंय. दोघांची पट्टी एकच, ताण वेगळा. मोगरीच्या भावाने चोवीसच्या बारवर पाच तुकडे मोडले, ती चूक आणि ही चूक एकाच घरातली.

झटपट, तुझी वजाबाकी खोटी नाही. कराचा दर तेरा अंकांनी उतरला, हे म्हणणं बरोबर आहे. वस्तू तेरा टक्के स्वस्त झाली, हे नाही.

---

झटपट | सोमवार, रात्री ११:२०

बरं बाबा. पण सहावीच्या पोराला हे जीएसटीचं सांगू नका, मीच गोंधळलो.

---

कडूगोड | मंगळवार, सकाळी ६:५०

माझा प्रश्न तसाच राहिला. ७० की ८५?

---

मोगरी | मंगळवार, दुपारी २:०५

कडूगोड काका, खाण्याचं मला सांगता येणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण तुमचा प्रश्न मी मोठ्याने वाचला आणि धाकट्याने ऐकला. त्याने इलॅस्टिक काढलं, सत्तरची खूण बारवर पाहिली. ती सहाव्या ओळीत आली, ओळ अर्ध्याहून जास्त ओलांडून. आणि विचारलं, "म्हणजे या बारमध्ये सोळा तुकडे आणि वरचा थोडा कोकोचा, आणि बाकीचे साखरेचे?"

आता याला काय सांगू? उत्तर मला माहीत आहे, पण इलॅस्टिकनेच हे त्याच्या डोक्यात घातलंय.

---

फळा_खडू | मंगळवार, दुपारी ४:२०

इथे इलॅस्टिकची हद्द संपते. लांबी मोडता येते म्हणून ती एका कडेपासून मोजली. कोको एका कडेला साठून बसलेला नाही, तो सगळीकडे मिसळलाय. इथे वजन हवं. पाकिटावर ग्रॅम असतील बघ.

---

मोगरी | मंगळवार, रात्री ८:४५

मावशीच्या बारवर १२० ग्रॅम लिहिलंय. तो दुधाचा आहे, पण 'सत्तर टक्क्यांचा आहे असं समजू' म्हटलं. १२० ग्रॅमला चोवीस तुकडे, म्हणजे एक तुकडा ५ ग्रॅमचा. आईचा पोळ्यांच्या पिठाचा काटा आहे, त्यावर दोन तुकडे ठेवले तर दहा दाखवले. एकच ठेवला तर कधी चार, कधी पाच, कधी काहीच नाही.

मग मी मिठाच्या पाण्याचं विचारलं. एक तांब्या खारट पाणी केलं आणि त्यातून एक वाटी काढली, तर वाटीतलं पाणी कमी खारट असेल का? "नाही, तेवढंच." मग बारमधून एक तुकडा काढला तर? तो बराच वेळ तुकडा हातात फिरवत बसला (तो वितळायला लागला होता) आणि म्हणाला, "तुकडा पण सत्तर टक्के." पाच ग्रॅममध्ये कोको किती, ते त्याने कागदावर काढलं, साडेतीन ग्रॅम. अख्ख्या बारमध्ये चौऱ्याऐंशी.

काका, त्यात कोकोची पूड आणि कोको बटर दोन्ही धरतात, आणि उरलेल्यात बहुतेक साखर, एवढं मला माहीत आहे. म्हणजे ८५ वाल्यात साखरेला जागाच कमी.

---

कडूगोड | मंगळवार, रात्री ९:०५

धन्यवाद बेटा. म्हणजे ८५ च घ्यावं लागणार. कडू तर कडू.

---

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ९:३०

मोगरी, बार शेवटी खाल्ला की नाही? सोमवारपासून काट्यावर आणि इलॅस्टिकखाली पडलाय बिचारा.

---

मोगरी | बुधवार, रात्री १०:१०

आज खाल्ला, आणि त्यातून महाभारत झालं.

धाकट्याने आपले पंचवीस टक्के घेतले, दोन ओळी, सहा तुकडे. उरल्या सहा ओळी, अठरा तुकडे. मी म्हटलं, "मी पण पंचवीस टक्के घेते." आणि मुद्दाम इलॅस्टिक उरलेल्या तुकड्यांवर लावलं. शून्य नव्या कडेला, शंभर पलीकडच्या कडेला. बारा सेंटीमीटर होतं, आरामात बसलं. पंचवीस आलं दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. दीड ओळ, साडेचार तुकडे.

त्याने टाळ्या वाजवल्या. "मला सहा, ताईला साडेचार!" मी तोंड पाडून म्हटलं, "पण दोघांनी पंचवीस-पंचवीसच घेतले ना? मग असं कसं?"

"तू उरलेल्याचे घेतलेस. मी अख्ख्याचे घेतले."

"मग मला पण सहा हवेत. उरलेल्याचे किती टक्के सांगू?"

त्याने इलॅस्टिक हलवलं नाही. सहा तुकडे म्हणजे दोन ओळी, तिथे बोट ठेवलं आणि वरची खूण वाचली. तिसाच्या पुढे, चाळीसच्या बरीच आधी. "तेहेतीस?" म्हणाला. मग स्वतःच, "सहा ओळींतल्या दोन, म्हणजे तीन भागांतला एक. शंभराचे तीन भाग... तेहेतीस आणि वर एक तृतीयांश. ताई, हे संपतच नाही." आणि मग त्याला एकदम वाटलं की मी त्याच्यापेक्षा जास्त खातेय, कारण तेहेतीस हे पंचवीसपेक्षा मोठे! दोघांचे सहा-सहा तुकडे शेजारी ठेवून दाखवले, तरी दोन मिनिटं तो संशयानेच बघत होता.

---

दोन_पोरांची_आई | बुधवार, रात्री १०:३५

अगं, माझा मोठा असाच भांडला होता. दुकानात 'पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के' लिहिलं होतं. सत्तर टक्के म्हणून शर्ट उचलला आणि बिलावर साठच टक्के सूट निघाली. काउंटरवर अर्धा तास. त्याला आता तुझ्या साडेचार तुकड्यांची गोष्ट सांगते.

---

फळा_खडू | बुधवार, रात्री ११:००

सांगा. हजारचा शर्ट, पन्नास टक्क्यांनी पाचशे, आणि ते वीस टक्के या पाचशेवर लागले, शंभर रुपये. त्यांनी इलॅस्टिक मोगरीसारखं उरलेल्यावर लावलं. दुकानदाराची गफलत नाही, पाटी मात्र मुद्दाम तशी लिहितात.

मोगरी, एक कबूल करतो. मी वीसच्या बारला नावं ठेवली, पण आता वाटतं, त्याला आधी वीसचा सोपा बार मिळाला म्हणूनच चोवीसच्या बारवर त्याला चूक दिसली. थेट चोवीस दिला असता तर कदाचित सुरुवातीलाच कंटाळला असता.

---

मोगरी | गुरुवार, सकाळी ८:३०

मला नाही तसं वाटत गुरुजी. वीसचा बार मी परत निवडणार नाही. मावशी आली म्हणून चूक कळली, नाहीतर तो परीक्षेत पहिले पाच गुण मिळवून आला असता आणि मला वर्षभर पत्ताच लागला नसता.

---

किराणा_कोपरा | गुरुवार, दुपारी १:१५

त्याला सांग, दुकानात आला तर 'पंचवीस टक्के जास्त, किंमत तीच' असं लिहिलेला बार दाखवीन. ते पंचवीस टक्के स्वस्त असतं का, ते ओळखलं तर एक बार माझ्याकडून. शंभर ग्रॅमऐवजी सव्वाशे ग्रॅम, पैसे तेवढेच.

---

झटपट | गुरुवार, दुपारी १:४०

पंचवीस टक्केच ना... थांबा. नाही. थांबा.

---

मोगरी | गुरुवार, रात्री ९:२०

धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, इलॅस्टिक शंभरलाच संपतं, सव्वाशे दाखवायचं कसं? शंभर जुन्या बारच्या कडेला ठेवायचं की नव्या? यावर आमचं अजून ठरलेलं नाही. त्याचं म्हणणं शंभरच्या पुढे खुणा वाढवत दीडशेपर्यंत न्यायच्या. मग पंधरा सेंटीमीटर खुणांना लागणार आणि वर चिमट्यांपुरतं. डब्यात उरलंय जेमतेम बारा, आणि तेही आईने फ्रॉकच्या बाहीसाठी राखून ठेवलंय. शनिवारी बाजारातून आणते.